नाइट ऑफ कप्स: त्याचं लाघव खरं की वरवरचं, हे कसं वाचायचं

माझ्याकडे नाशिकमध्ये टॅरो वाचून घ्यायला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली एकच प्रश्न घेऊन येतात. शब्द वेगळे असतात, पण आत एकच असतं: "ताई, तो एवढं सगळं करतो, पण खरंच मनापासून करतो का?" एवढं सगळं म्हणजे फुलं, रात्री दीडला आलेला लांबलचक मेसेज, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेऊन दाखवलेला सूर्यास्त, वाढदिवसाला सराफ बाजारातून आणलेलं पैंजण. आणि या प्रश्नात एक कार्ड हटकून डोकं वर काढतं, ते म्हणजे नाइट ऑफ कप्स, पेला घेऊन निघालेला घोडेस्वार सरदार. नवीन शिकणाऱ्या मुली हे कार्ड दिसलं की एक तर आनंदाने उडी मारतात, नाही तर उलटं आलं म्हणून रडवेल्या होतात. दोन्ही घाईचं आहे. हे एकच कार्ड नीट कसं वाचायचं, ते मी इथे पायरीपायरीने लिहिते आहे. तुमच्याकडे रायडर-वेट डेक आहे असं धरून चालते, कारण शिकायला बहुतेक जण तोच घेतात.

आधी चित्र बघा, पुस्तक नंतर

अठ्ठ्याहत्तर कार्डांमधून नाइट ऑफ कप्स बाहेर काढा आणि समोर सरळ ठेवा. पाच मिनिटं नुसतं बघा. चिलखत घातलेला एक तरुण घोड्यावर बसलाय. हातात पेला आहे आणि तो त्याने पुढे धरलाय. शिरस्त्राणाला पंख आहेत, टाचांनाही पंख आहेत. अंगरख्यावर मासे काढलेत. घोडा पांढुरका आहे, मान खाली घालून संथ चालतोय, एक पाय उचललेला. आणि घोड्याच्या पुढे एक नदी आहे. पलीकडे डोंगर.

आता या चित्रातल्या तीन गोष्टी मनात पक्क्या करा, पुढचं सगळं वाचन त्यांच्यावर उभं आहे.

पहिली म्हणजे पेला अजून त्याच्याच हातात आहे. त्याने तो पुढे केलाय, दिलेला नाही. टू ऑफ कप्स शेजारी ठेवून बघा. तिथे दोघं समोरासमोर उभे आहेत आणि दोघांच्याही हातात पेले आहेत, म्हणजे देवाणघेवाण आहे. इथे समोर कुणीच नाही. हा माणूस घेऊन निघालाय, एवढंच चित्र सांगतं.

दुसरी गोष्ट नदी. ती त्याच्या पुढे आहे, मागे नाही. म्हणजे ओलांडायची बाकी आहे. काठावर देखणं दिसणं आणि पाण्यात उतरणं यात किती अंतर आहे हे गोदाकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट घोड्याची चाल. टॅरोतही पत्त्यांसारखे चार रंग असतात: कप्स म्हणजे पेले, वाँड्स म्हणजे काठ्या, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. डेकमधले चारही नाइट शेजारी शेजारी मांडा. वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचलून उधळलाय, स्वोर्ड्सचा भरधाव सुटलाय, पेंटॅकल्सचा जागच्या जागी उभा आहे. कप्सचा चालतोय, सावकाश. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला आपण नुसतं लाघव म्हणतो ते बहुतेकदा वेगात येतं. ओळख होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच "तुझ्याशिवाय जगू शकत नाही", तिसऱ्या आठवड्यात लग्नाच्या गप्पा, चौथ्यात पासवर्ड मागणं. असं काही घडत असेल तर कार्ड कुठलंही येवो, तुमच्या समोरचा घोडा कप्सचा नाही. चाल आधी जुळवून बघा.

वेटने काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही

हा डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. वेटने या कार्डाचे जे अर्थ दिलेत ते वाचले की नवशिक्यांना आश्चर्य वाटतं. सरळ कार्डाचा अर्थ आगमन, जवळ येणं, कधी एखादा निरोप्या, पुढाकार, प्रस्ताव, आमंत्रण. उलट्याचा अर्थ चलाखी, कृत्रिमपणा, फसवणूक, दुटप्पीपणा. सरळ अर्थाच्या यादीत खरं प्रेम कुठेही नाही. आमंत्रण आहे. आमंत्रण पाठवणारा यजमान घरी असेलच असं आमंत्रणपत्रिका सांगत नाही.

म्हणून माझा पहिला नियम: सरळ नाइट ऑफ कप्स म्हणजे होकार नाही. त्याचा अर्थ फक्त इतकाच की कुणीतरी भावना घेऊन तुमच्या दिशेने येतंय.

आणि उलटं आलं म्हणजे लगेच तो फसवा ठरत नाही. कार्ड उलटं धरून बघा, पेला तोंडावर येतो आणि आतलं सांडतं. सांडण्याची कारणं तीन असू शकतात. एक, पेला मुळात दाखवण्यापुरताच होता. दोन, आत खरंच काही होतं पण देता येत नाही, माणूस बोलायला घाबरतो, गप्प बसतो. तीन, देतो म्हणाला आणि वाटेतच विसरला. वेटने दिलेला अर्थ पहिल्या कारणाला लागू पडतो, पण माझ्या अनुभवात दुसरं आणि तिसरं जास्त वेळा निघतं. तिन्हींत फरक करायचा तर एकट्या कार्डाकडे बघून भागत नाही, शेजारी बघावं लागतं. ते पुढे येतंय.

कार्ड पिसण्याआधी वही

नाशिककर पुराचं पाणी कसं मोजतात? गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी गेलं, असंच आपण एकमेकांना फोनवर सांगतो. मारुती जागचा हलत नाही, म्हणून पाणी कळतं. नात्यातही आधी असं काहीतरी न हलणारं उभं करावं लागतं. नाही तर कार्ड आलं की त्या दिवशी मन जसं असेल तसा अर्थ निघतो. भांडण झालेलं असेल तर फसवा, आदल्या दिवशी फुलं आली असतील तर राजकुमार.

म्हणून वहीचं एक पान घ्या. गेल्या तीन महिन्यांत त्याने प्रेमाने केलेल्या पाच-सहा गोष्टी आठवून लिहा. प्रत्येकीपुढे तीन उत्तरं लिहा. हे कुणी पाहिलं? त्याला यात किती त्रास पडला? आणि नंतर काय झालं?

त्रास म्हणजे पैसे नव्हेत. दोन हजारांचा गुच्छ ज्याच्या खिशाला जाणवतही नाही त्याला त्यात त्रास नाही. पण अंबडला रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी सहाला तुमच्या वडिलांना रेल्वे स्टेशनवर सोडायला नाशिकरोडला जात असेल तर तो त्रास आहे. पाहिलं कुणी हेही प्रामाणिकपणे लिहा. कॉलेज रोडवरच्या कॅफेत सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसणं वाईट नाही, पण तुमच्या यादीतल्या सहाही गोष्टींना प्रेक्षक असतील तर ते लिहिल्यावर तुम्हालाच दिसेल. "नंतर काय झालं" हा रकाना सगळ्यात बोलका. फुलं दिली आणि नंतर आठ दिवस फोन उचलला नाही, की फुलं दिली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाखतीचं काय झालं ते विचारलं?

मग खाली एक ओळ लिहा: येत्या चार आठवड्यांत मला काय दिसलं तर मी त्याला खरं मानेन? ही गोष्ट साधी, मोजता येणारी आणि रोमान्स नसलेली हवी. हा तुमचा दुतोंड्या मारुती.

आता प्रश्न. "तो खरा आहे का?" असा विचारू नका. पत्त्यांना दुसऱ्याच्या मनात डोकावता येत नाही, आणि हो-नाहीच्या प्रश्नाला चित्रांचा डेक नीट उत्तर देत नाही. मी असा विचारायला सांगते: "तो जे घेऊन येतोय त्यात मला काय दिसत नाहीये?" यात उत्तर तुमच्या नजरेबद्दल मिळतं, आणि तेवढंच कार्डं देऊ शकतात.

मांडणी

नाइट ऑफ कप्स मुद्दाम काढून मधोमध सरळ ठेवा. तो कुणाबद्दल आहे हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे तो पिसण्यात नको. उरलेली सत्त्याहत्तर कार्डं पिसा, डाव्या हाताने कापा आणि चार काढा.

पहिलं कार्ड नाइटच्या डावीकडे. रायडर-वेट चित्रात त्याचं तोंड आपल्या उजवीकडे असतं, म्हणून डावी बाजू म्हणजे त्याची पाठ: तो काय घेऊन, कुठून आलाय. दुसरं कार्ड वर: पेल्यात काय आहे. तिसरं उजवीकडे: नदीपलीकडे, म्हणजे गोड बोलून झाल्यावर त्याची कृती कुठे जाते. चौथं खाली: तुम्ही स्वतः. ते शेवटी उघडा, पण टाळू नका. आपली तहान किती आहे हे बघितल्याशिवाय पेला खरा की खोटा हे ठरवणं अवघड जातं.

सगळं वजन उजवीकडच्या कार्डावर

डावीकडचं आणि वरचं कार्ड भाव सांगतं. मनापासून की तोंडदेखलं, हे मी जवळजवळ पूर्णपणे उजवीकडच्या कार्डावरून वाचते.

तिथे पेंटॅकल्सपैकी काही आलं तर मला धीर येतो. पेंटॅकल्स म्हणजे माती, काम, रोजचं. एट ऑफ पेंटॅकल्समध्ये एक कारागीर बाकावर बसून एकामागून एक नाणी कोरतोय, बघायला कुणी नाही. नाइट ऑफ पेंटॅकल्सच्या मागे नांगरलेलं शेत आहे. आपल्याकडे द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, तेव्हा घड बिड काही मिळत नाही, फक्त पुढच्या हंगामासाठी काडी तयार होते. फळ ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ज्याचं प्रेम एप्रिलमध्येही बागेत दिसतं, त्याच्या बाजूने हे कार्ड बोलतं.

सेव्हन ऑफ स्वोर्ड्स आलं तर थांबून वाचा. चित्रात एक माणूस पाच तलवारी उचलून चोरपावलांनी निघालाय, मागे दोन उरल्यात, आणि तो वळून बघतोय. इथे काहीतरी लपवलं जातंय. काय, ते कार्ड सांगत नाही. लगेच "दुसरी आहे" असं म्हणू नका. नोकरी गेलेली लपवणारे असतात, कर्ज लपवणारे असतात, घरी तुमच्याबद्दल सांगितलेलंच नाही हे लपवणारेही असतात. वहीतल्या "नंतर काय झालं" या रकान्यात कुठे उत्तरं गुळमुळीत आहेत ते बघा आणि तेवढंच थेट विचारा.

मून आलं की बऱ्याच जणी घाबरतात. मी मूनला फसवणूक म्हणत नाही. अंधूक उजेडात कुत्रा आणि लांडगा सारखेच दिसतात, एवढंच त्याचं म्हणणं. त्या दिवशी निष्कर्ष काढू नका, चार आठवडे जाऊ द्या.

आणि आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते सेव्हन ऑफ कप्स. ढगांत सात पेले तरंगतायत, कशात किल्ला, कशात दागिने, कशात साप, आणि एक माणूस अंधारातून बघत राहिलाय. हे कार्ड वरच्या किंवा उजव्या जागी आलं की खरा आणि खोटा यांच्यामधला तिसरा माणूस समोर येतो. तो तुम्हाला फसवत नाही. बोलतो तेव्हा त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास असतो. डोळ्यांत पाणी येतं ते खरंच येतं. पण त्याला आवडतं ते प्रेमात असणं. तुम्ही त्यात कुणीही असू शकता. दुसऱ्या दिवशी ती भावना ओसरते आणि शब्दही तिच्यासोबत वाहून जातात. मधाचं बोट लावणारा माणूस मुद्दाम लावतो, हा तसं करत नाही, म्हणूनच तो ओळखायला जास्त अवघड. त्याला "खोटारडा" म्हटलं की तो मनापासून दुखावतो आणि तुम्हालाच अपराधी वाटतं. प्रश्न त्याच्या खरेपणाचा नसतोच, टिकण्याचा असतो. म्हणून अशा वेळी "मनापासून करतो का" हा प्रश्न सोडून "परत करतो का" हा प्रश्न धरा.

आता मघाशी सोडलेला उलट्या कार्डाचा धागा. दुसऱ्या कुठल्या रीडिंगमध्ये नाइट उलटा आला तर त्याच्या शेजारचं कार्ड हाच निकष. शेजारी स्वोर्ड्समधलं लपवाछपवीचं किंवा डेव्हिल असेल तर दिखाव्याची शक्यता आधी धरा. फोर ऑफ पेंटॅकल्ससारखं घट्ट धरून बसलेलं किंवा हर्मिटसारखं एकटं कार्ड असेल तर तो देऊ न शकणारा आहे. सेव्हन ऑफ कप्स असेल तर विसरणारा.

एक रीडिंग, जसं झालं तसं

मागच्या हिवाळ्यात इंदिरानगरहून एक मुलगी आली. एकोणतीस वर्षांची, सातपूरला कंपनीत अकाउंट्स बघणारी. नाव आणि ओळखीच्या खुणा मी बदलून सांगते, तिला विचारूनच. सात महिन्यांचं नातं. वहीचं पान तिने माझ्यासमोरच भरलं. धरणावरचा सूर्यास्त, पैंजण, तिच्यावर केलेली कविता, ऑफिसबाहेर अचानक येऊन उभं राहणं, ती आजारी असताना डबा. यादी गोड होती. पण "नंतर काय झालं" लिहिताना तिचा पेन थांबला. पडून तिच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आणि त्या दहा दिवसांत तो एकदाही दवाखान्यात आला नाही. रोज रात्री फोनवर मात्र तासभर धीर देत होता. डबा, म्हणाली, आमच्या गेटवर ठेवून गेला.

कार्डं अशी आली. डावीकडे फाइव्ह ऑफ कप्स: काळ्या झग्यातला माणूस, पुढे सांडलेले तीन पेले, मागे उभे असलेले दोन. वर सेव्हन ऑफ कप्स. उजवीकडे एट ऑफ पेंटॅकल्स, उलटं. खाली क्वीन ऑफ कप्स.

उजवीकडचं मी असं वाचलं की कामाला हात घातलाय पण बाकावरून उठून गेलाय. वर ढगांतले सात पेले, म्हणजे भावना खरी पण रोज नवी. इथपर्यंत ठीक होतं. पण डावीकडच्या कार्डावर मी चूक केली आणि ती मला सांगायचीच आहे, कारण नवशिके हमखास तीच करतात. सांडलेले पेले बघून मी म्हणाले, "आधीचं एखादं प्रेम मोडलेलं दिसतंय, त्यातून तो बाहेर आलेला नाही." कार्डात एवढंच होतं की त्याच्या पाठीशी एक दुःख आहे. ते कुणाचं, हे मी माझ्या पदरचं जोडलं. ती बिचारी पुढचा आठवडाभर त्याच्या जुन्या मैत्रिणीचं प्रोफाइल उघडून बघत बसली. कार्डावर जे काढलंय तेवढंच म्हणायचं, पात्रं भरायची नाहीत, हे मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगते.

खालच्या क्वीन ऑफ कप्सवर आम्ही बराच वेळ थांबलो. कप्सच्या चार दरबारी कार्डांत, म्हणजे पेज, नाइट, क्वीन आणि किंग यांत, फक्त हिचाच पेला झाकलेला आहे. राणी त्याच्याकडे टक लावून बसली आहे, पण आत काय आहे ते बाहेरच्याला दिसत नाही. मी तिला विचारलं, "दवाखान्यात ये, असं तू त्याला म्हणाली होतीस का?" ती म्हणाली, "ते काय सांगायचं असतं का, ताई?" मी म्हटलं, सांगून बघ. न मागता मिळालं नाही म्हणून समोरच्याला खोटं ठरवणं हे वाचन नव्हे.

मग मारुती ठरवला. आईला दर मंगळवारी संध्याकाळी फिजिओथेरपीला न्यायचं होतं. रिक्षात चढवणं-उतरवणं एकटीला जमत नव्हतं. तिने त्याला स्पष्ट सांगायचं, चार मंगळवार ये. त्यात ना सूर्यास्त, ना कविता, ना फोटो.

कधी कार्ड काढायचंच नाही

तिचं पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी एक आवश्यक गोष्ट, कारण चार आठवडे थांबण्याचा सल्ला सगळ्यांना लागू नाही. तो पैसे मागत असेल, विशेषतः ज्याला तुम्ही फक्त मोबाइलवर ओळखता असा कुणी, परदेशातून पाठवलेलं गिफ्ट कस्टममध्ये अडकलंय म्हणत असेल, तर डेक बाजूला ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तो मारत असेल, धमकावत असेल, फोटो पसरवीन म्हणत असेल, तर 181 महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे. तिथे नाइट ऑफ कप्स सरळ आला तरी त्याला काही अर्थ नाही. मारून झाल्यावर आणलेली फुलं यादीत प्रेमाच्या रकान्यात लिहायची नाहीत.

दुसरं, एकाच प्रश्नावर महिन्यात एकदाच मांडणी करा. मनासारखं कार्ड येईपर्यंत "स्पष्टीकरणासाठी अजून एक" म्हणत काढत राहिलात तर सहाव्या कार्डाला टू ऑफ कप्स येईलच कधीतरी. ते उत्तर डेकचं नाही, तुमच्या चिकाटीचं आहे. अजून एक कार्ड काढायचा मोह झाला की वहीचं पान पुन्हा वाचा. बहुतेक वेळा हवं ते तिथे आधीच लिहिलेलं असतं.

चार मंगळवार

पहिल्या मंगळवारी तो आला, आईसाठी गुलाबांचा गुच्छ घेऊन. आईला आनंद झाला, पण गुच्छ धरायला हात अडकल्यामुळे वॉकर तिनेच उचलला. दुसऱ्या मंगळवारी सहाला मेसेज: मीटिंग लांबली, सॉरी, आणि खाली चार ओळींची कविता. तिने मला ती पाठवली. कविता चांगली होती, हे मला कबूल करावं लागलं.

तिसऱ्या मंगळवारी तो आला पण आत गेला नाही. बाहेर स्कूटरवर बसून राहिला. बाहेर आल्यावर तिने चिडून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की दहावीत असताना वडिलांना घेऊन तो तीन महिने दवाखान्याच्या पायऱ्या चढत-उतरत होता आणि ते तिथेच गेले. तो वास आला की पाय उचलत नाही, म्हणाला. सात महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. सांडलेले पेले कुणाचे होते ते मला तेव्हा कळलं.

चौथ्या मंगळवारी तो आला, हातात काही नव्हतं. आईचा दंड धरून आत गेला, वीस मिनिटं बाकावर बसला, घाम पुसत. मग आईला परत रिक्षात बसवलं.

ती पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा मी नवीन मांडणी केली नाही. वहीतच हिशेब केला: चारपैकी तीनदा आला, त्यातल्या एकदा दारापर्यंत, एकदा पूर्ण आत. तिला वाटत होतं मी आता हो म्हणेन. मी एवढंच म्हणाले की हा माणूस खोटा नाही हे आता तुला माहीत आहे, पण टिकतो का ते एका मंगळवारवरून कळत नाही. तिने पानावर आणखी आठ मंगळवारांच्या चौकटी आखल्या. नाइट ऑफ कप्स मी परत डेकमध्ये सरकवला.